गाडी सरळ जाते, पण टायर आतून संपलेत

*"अलाइनमेंट म्हणजे टायरवाल्यांची कमाई. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग सोडून बघा, गाडी सरळ गेली की अलाइनमेंट ओके. ओढत असेल तरच पैसे घाला, तेव्हा टो बिघडलेला असतो. टायर एका बाजूने झिजला तर कॅम्बर. कॅस्टरने टायरला काहीच होत नाही, तो बघायची गरज नाही. आणि मशीनवर सगळं हिरवं दिसलं की विषय संपला. पुढे पाठवा."*

हा मेसेज मला गेल्या महिन्यात तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाची गाडी दुसऱ्याच दिवशी आमच्या पिटवर आली. लहान हॅचबॅक, 14 इंची रिम. आल्या आल्या मालक म्हणाले, "गाडी बाणासारखी जाते हो, फक्त पुढून घूं घूं आवाज येतोय." स्टिअरिंग पूर्ण वळवून मी टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवला. बाहेरच्या बाजूला नक्षी चांगली होती, आतल्या कडेला नक्षी जवळजवळ संपली होती. दोन्ही चाकांची तीच अवस्था. म्हणून उत्तर याच गाडीवरून देतो.

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन, आणि त्यातला पहिला टो. पुढची दोन चाकं वरून पाहिली तर एकमेकांना समांतर असायला हवीत, किंवा जवळपास समांतर. पुढच्या टोकांना ती एकमेकांकडे झुकली तर टो-इन आणि फाकली तर टो-आऊट. या गाडीत रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधल्या अंतरात 4 मिलिमीटरचा फरक निघाला, तोही टो-आऊटचा. वाटणी केली तर दर चाकाला जेमतेम एक तृतीयांश अंश. डोळ्याला दिसणारच नाही.

मग गाडी ओढत का नाही? कारण दोन्ही चाकं एकाच स्टिअरिंग रॅकला बांधलेली असतात. डावं चाक डावीकडे जाऊ पाहतं, उजवं उजवीकडे, आणि दोघांचा जोर एकमेकांत मिटतो. जुवाला जुंपलेले दोन बैल बाहेरच्या बाजूंना ओढायला लागले तर बैलगाडी सरळच जाते, पण खांदे सोलून निघतात. इथे खांद्यांच्या जागी टायर आहेत. चाक ज्या दिशेला तोंड करून आहे आणि गाडी ज्या दिशेला चालली आहे त्यात एक तृतीयांश अंशाचा फरक असला, तर टायरचा जमिनीला टेकलेला साधारण 15 सेंटिमीटरचा भाग ओलांडेपर्यंत रबराचा प्रत्येक ठोकळा पाऊण मिलिमीटरहून थोडा जास्तच आडवा ताणला जातो, आणि सुटताना घासत जागेवर येतो. या मापाचं चाक एका किलोमीटरमध्ये 500 च्या वर फेरे घेतं. मालकांनी या अवस्थेत सहा हजार किलोमीटर काढले होते, म्हणजे प्रत्येक ठोकळ्याला तीस लाख वेळा ही ओढाताण झाली.

स्टिअरिंग सोडून पाहण्याच्या परीक्षेत ही गाडी पैकीच्या पैकी मार्क घेऊन पास झाली असती. (चालत्या रस्त्यावर ती परीक्षा कुणी घेऊच नये, ते वेगळं.) चूक कळायला दुसरी एक खूण होती, आणि ती मालकांच्या समोर रोज दिसत होती. गाडी सरळ जात असताना स्टिअरिंगचा आडवा दांडा उजवीकडे किंचित कललेला असायचा, घड्याळाच्या काट्याने एक मिनीट पुढे सरकावं तेवढा. विचारलं तर म्हणाले, "ते तर पावसाळ्यापासून तसंच आहे." पावसाळ्यात डावं चाक खड्ड्यात आपटलं होतं. डावा टाय रॉड, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणारी सळई, वाकून आखूड झाला होता. या गाडीत टाय रॉड चाकाच्या मध्यामागून जातो, त्यामुळे तो आखूड झाला की चाकाची मागची बाजू आत खेचली जाते आणि पुढची बाहेर फाकते. बिघाड एकट्या डाव्या चाकाचा होता, पण सरळ जाताना रॅकने तो दोघांत अर्धा अर्धा वाटला. म्हणून टायर दोन्ही झिजले आणि स्टिअरिंग तेवढं वाकडं बसलं.

थोडक्यात, टायर सगळ्यात वेगाने खाणारा कोन, म्हणजे टो, गाडीला ओढत नाही. ओढण्याची कारणं बहुतेक वेळा दुसरीकडे असतात. आधी हवा बघा. मग पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा. ओढ उलट दिशेला गेली तर दोष टायरच्याच बांधणीत आहे, कोनांत नाही. थोडं चालवल्यावर एकच चाक हाताला जास्त गरम लागलं तर ब्रेक चिकटतोय. शिवाय आपले रस्ते पाणी निघून जावं म्हणून कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालवतो. तेव्हा गाडी हळूहळू डावीकडे सरकणं हा रस्त्याचा उतार आहे, बिघाड नाही. आणि ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं ते बॅलन्सिंगचं काम. त्यासाठी अलाइनमेंटचे पैसे घेणारा तुम्हाला फसवतोय, एवढं मेसेजवाल्याच्या बाजूने मान्य.

आता एका कडेची झीज. इथे डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवा. टायरवर तळवा आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत. आमच्या या गाडीत आतून बाहेर जाताना हात सरकन गेला, उलट फिरवल्यावर मात्र करवतीचे दाते लागावेत तसं खरखरीत लागलं. नक्षीच्या प्रत्येक पट्टीची एक कड गोल आणि दुसरी धारदार झाली होती. ही आडव्या घासण्याची खूण, म्हणजे टोची. बाहेरून आत येताना हात अडला तर टो-आऊट, आतून बाहेर जाताना अडला तर टो-इन. घूं घूं आवाजही याच दात्यांचा होता.

कॅम्बरची झीज हाताला गुळगुळीत लागते. समोरून पाहिलं तर चाकाचा माथा आत किंवा बाहेर कललेला असतो, तो कॅम्बर. माथा आत म्हणजे निगेटिव्ह. कललेलं चाक एका खांद्यावर जास्त भार घेतं, म्हणून तो खांदा उतारासारखा सफाईने झिजतो, दाते पडत नाहीत. आणि ही झीज बहुधा एकाच चाकाला दिसते, कारण कॅम्बर दोन चाकांत वाटला जात नाही. बरं, थोडा निगेटिव्ह कॅम्बर गाडीत मुद्दाम दिलेला असतो. वळणावर बॉडी बाहेर झुकते तेव्हा बाहेरचं चाकही कलतं, आणि आधीच थोडं आत कललेलं चाक त्या क्षणी रस्त्यावर सपाट बसतं. त्यामुळे कागदावर उणे अर्धा अंश दिसला म्हणून घाबरून कुणी तो "शून्य करून द्या" म्हणू नये. घाटात पकड त्याच्यामुळेच मिळते.

दुसरी गंमत अशी की बऱ्याच लहान गाड्यांत पुढच्या चाकांना फक्त टो फिरवता येतो. कॅम्बर बदलायला सोयच दिलेली नसते. चाकाच्या स्प्रिंग-शॉकच्या खांबाचे, म्हणजे स्ट्रटचे, दोन बोल्ट सैल करून भोकांत जेवढी मोकळी जागा असेल तेवढं चाक ढकलता येतं, त्यातून अंशाचा काही भाग सुधारतो. एखाद्या चाकाचा कॅम्बर त्याहून जास्त बिघडला असेल तर काहीतरी वाकलेलं आहे आणि ते बदलायचं असतं. आणि कॅम्बर हलवला की टो आपोआप हलतो, म्हणून टो नेहमी शेवटी. कॅम्बर सुधारून टोला हातच न लावलेली गाडी घेऊन निघालात तर पैसे देऊन नवा बिघाड घरी नेलात.

कॅस्टर टायरला खात नाही, हे जवळजवळ खरं आहे. पण ओढण्याचं कारण हवं असेल तर ते इथे सापडतं. सायकलचा चिमटा बाजूने बघा. त्याचा माथा मागे रेललेला असतो, म्हणूनच हात सोडून सायकल चालवता येते. कारमध्येही चाक ज्या रेषेभोवती वळतं ती अशीच मागे रेललेली असते, आणि तो रेलण्याचा कोन म्हणजे कॅस्टर. ती रेषा खाली वाढवली तर टायर टेकतो त्या जागेच्या थोडं पुढे जमिनीला लागते, आणि चाक त्या बिंदूच्या मागे ओढलं जात सरळ राहतं. 3 अंशांच्या कॅस्टरला हे अंतर उण्यापुऱ्या दीड सेंटिमीटरचं असतं. वळणानंतर स्टिअरिंग आपसूक मध्यावर येतं त्यात मोठा वाटा याचा. एका बाजूचा कॅस्टर कमी झाला तर गाडी त्या बाजूला ओढते. दोन्ही बाजूंचा कमी झाला तर एक्स्प्रेसवेवर स्टिअरिंग हलकं आणि पोकळ लागतं, सतत बारीक दुरुस्त करत राहावं लागतं. पॉवर स्टिअरिंगमुळे गावातल्या वेगाला हे कळतही नाही.

चाक फूटपाथच्या कडेवर जोरात आदळलं की चाकाला खालून धरणारा लोअर आर्म मागे वाकतो आणि कॅस्टर घटतो. मशीनशिवायही अंदाज येतो. स्टिअरिंग सरळ ठेवून टायर आणि मडगार्डची पुढची कड यांत किती बोटं जातात ते दोन्ही बाजूंना मोजा. एका बाजूला बोटभर जागा जास्त असेल तर ते चाक मागे सरकलं आहे.

राहिला हिरवा रंग. हिरवा म्हणजे आकडा दिलेल्या मर्यादेत आहे, बस. समजा मर्यादा 2 ते 4 अंशांची आहे. डावा कॅस्टर 2.1 आणि उजवा 3.9 आला तर दोन्ही हिरवे दिसतील, आणि गाडी डावीकडे ओढेल. बाजूबाजूतला फरक साधारण अर्ध्या अंशाच्या आत हवा, आणि तो कागदावर स्वतः वजा करून बघायचा. मुळात कॅस्टर मोजायला चाकं फिरत्या ताटल्यांवर ठेवून डावी-उजवीकडे वळवावी लागतात, सहसा 20-20 अंश. ऑपरेटरने स्टिअरिंग वळवलंच नाही तर तो आकडा मोजलेला नाही, एवढं समजून घ्या.

त्याहून महत्त्वाचं काम मशीन लावायच्या आधीचं. गाडी उचलून चाक घड्याळाच्या 3 आणि 9 वर धरून हलवायचं. खटखट झालं तर बहुधा टाय रॉड एंड गेलेला. 12 आणि 6 वर धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. सैल जॉइंटवर लावलेली अलाइनमेंट उभ्या गाडीत हिरवी दिसते आणि पहिल्या गतिरोधकावर सुटते. चाक हलवून न बघता थेट क्लॅम्प लावणाऱ्याकडून मी तरी गाडी परत घेऊन येईन.

आमच्या गाडीला डावा टाय रॉड नवा टाकला, स्टिअरिंग मध्यावर बांधलं, टो कंपनीच्या मापात आणला आणि लॉक नट आवळल्यावर पुन्हा एकदा मोजला, कारण आवळताना तो किंचित सरकतो. दांडा सरळ झाला. मालकांनी विचारलं, "हेच टायर मागे टाकून चालतील ना?" आतल्या कडेची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खुणेला टेकली होती. बाहेरची निम्म्याहून जास्त शिल्लक असतानाही दोन्ही काढून ठेवावे लागले.