कुकर उडाला की चूक बाईचीच? या फॉरवर्डला उत्तर

"कुकर आपोआप कधीच उडत नाही. शिट्टी चोंदली असणार, म्हणजे चूक बाईचीच. वॉरंटी संपली असेल तर कंपनीला पत्र लिहून काही उपयोग नाही. लिहायचंच असेल तर कुकर त्यांच्याकडे पाठवून द्या, ते तपासून सांगतील."

सोलापुरातल्या निम्म्या ग्रुपवर हे फिरतंय, आणि जुळे सोलापूरला आमच्या काकूंचा कुकर उडाल्यावर त्यांना पण दोघा-तिघांनी हेच पाठवलं. हाताला भाजलंय, शेगडीची काच फुटलीय, आणि वर हे ज्ञान.

आधी शिट्टीचं बघू. नळी डाळीच्या फेसानं चोंदते हे खरंय, म्हणून तर डाळ निम्म्याच्या वर भरू नका म्हणतात. पण नळी चोंदणार हे कंपनीला पण माहीत असतं की ओ, सेफ्टी वॉल्व त्याच्यासाठीच असतोय. वाफ वाढली की उष्णता वाढते, वॉल्वमधला धातू वितळतो आणि तिथून वाफ निघून जाते. बऱ्याच कुकरना झाकणाच्या कडेला एक फट पण ठेवलेली असते, दाब फार झाला की तिथून रबर बाहेर येऊन वाफ सुटते. म्हणजे नळी जरी चोंदली तरी आधी वॉल्व जायला पाहिजे, झाकण नाही. वॉल्व शाबूत आणि झाकण छताला, असं झालं असेल तर "नळी चोंदली होती" एवढं उत्तर पुरत नाही.

काकूंच्या कुकरची तर नळीच मोकळी होती, उजेडाकडं धरली तर आरपार दिसतंय. वॉल्व जसाच्या तसा. दोन शिट्ट्या झालेल्या, गॅस बारीक केला आणि मग झाकण गेलं. म्हणजे दाब नेहमीचाच होता, सुटली ती झाकणाची पकड. आता नेहमीचा दाब म्हणजे कमी नसतो हां, चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो, झाकण 20 सेंटिमीटरचं धरलं तर सगळं मिळून 314 किलो, मार्केट यार्डातल्या कांद्याच्या सहा गोण्या झाकणाला खालून ढकलताहेत असं समजा, आणि ते सगळं पेलतात बाहेरच्या झाकणाचे ते चार-पाच दात, जे भांड्याच्या कडेखाली अडकतात.

कंपनी म्हणणार झाकण अर्धवट लावलं होतं. असूही शकतं, पण ते दातांवर बघायला मिळतं. झाकण पूर्ण फिरवलेलं असेल तर घासल्याची खूण दाताच्या बऱ्याच लांबीवर असते, अर्धवट असेल तर फक्त टोकाला. काकूंच्या झाकणाचा एक दात सबंध लांबीवर खाली वाकलाय. पत्रात आम्ही हेच लिहिलं, "तुमचा कुकर भंगार आहे" वगैरे काही नाही. मॉडेल, बॅच नंबर, आयएसआय खुणेखालचा लायसन्स नंबर, आत काय किती होतं, शिट्ट्या किती, नळी-वॉल्व-दातांची अवस्था, आणि बाजूनं काढलेले फोटो. रबर आणि वॉल्व ओरिजिनल आहेत हे पण लिहिलं. इथं मात्र एक अडचण असते, बाजारातून साधा वॉल्व आणून बसवला असेल तर कायद्यात कंपनीला सुटायला जागा आहे, बदल केलेल्या किंवा चुकीच्या वापराच्या वस्तूसाठी ती जबाबदार नाही.

वॉरंटीचं म्हणाल तर तो वेगळा विषय. वॉरंटी कुकर दुरुस्त करून किंवा बदलून देण्यासाठी असते. दोषामुळं माणूस भाजला, सामान फुटलं, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाची जबाबदारी स्वतंत्र धरलीय, आणि तक्रारीला घटनेपासून 2 वर्षं असतात. फक्त त्या नुकसानीत खुद्द कुकरची किंमत येत नाही, म्हणून दवाखान्याचं बिल आणि शेगडी एका मागणीत आणि कुकरचे पैसे वेगळे मागितले.

आणि कुकर पाठवून द्या म्हणे! अहो तोच तर पुरावा. कंपनीच्या माणसानं गोड बोलून नेला, नवीन दिला, की वाकलेला दात कुणाला दाखवणार? धुवायचा पण नाही, डाळ वाळलेली असू दे, सगळे तुकडे एका पिशवीत. पत्रात लिहा की आमच्या घरी येऊन आमच्यासमोर तपासा. पुढं जिल्हा ग्राहक आयोगात गेलं तर आयोग स्वतः नमुना सील करून लॅबला पाठवू शकतो, पण त्यासाठी तो तुमच्याकडं असायला पाहिजे. केस सोलापुरातच करता येते, कंपनी कुठली का असेना, आणि 5 लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही.

पत्र पोस्टानं पोचपावतीसह गेलंय, लेखी उत्तराला 15 दिवस दिलेत. "तपासायला पाठवा" असा फोन आला होता, काकूंनी ईमेल करा म्हणून सांगितलं.