बासष्ट लाखांचा आराखडा आणि पाच लाखांचा रस्ता

«आमच्या गावाच्या वार्षिक आराखड्यात ६२ लाख रुपये लिहिले आहेत. गावात घरे ४००. म्हणजे दर घरामागे साडेपंधरा हजार रुपये सरकारने पाठवले आणि ते सरपंचाच्या खात्यात पडले. वर्षभरात दिसला तो पाच लाखांचा एक रस्ता. उरलेले ५७ लाख कुठे गेले? आणि एवढा पैसा वरून येत असताना आपण पंचायतीचा कर भरायचाच कशाला? हा संदेश प्रत्येक गावात पोचवा.»

इंदुरात राहणाऱ्या, पण सांवेर, देपालपूर किंवा महूकडे वडिलोपार्जित घर-शेत टिकवून असलेल्या मराठी कुटुंबांच्या समूहांतून हा मजकूर बरेच दिवस फिरतो आहे, आणि माझ्याकडे तो तीन वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आला. त्यातला संशय मला गैर वाटत नाही. गैर वाटते ती वजाबाकी, कारण ६२ मधून ५ वजा करताना दोन निराळ्या जातींचे आकडे एका रांगेत मांडले आहेत. सोयीसाठी हाच ६२ लाखांचा आराखडा २०२४-२५ या वर्षाचा धरून, अशा पंचायतीत नेहमी दिसतात तसे गोल आकडे घेऊन उलगडू.

अशा आराखड्यात पंधराव्या वित्त आयोगाचे त्या वर्षाचे अनुदान १४ लाख, त्याच आयोगाची मागील वर्षाची अखर्चित शिल्लक ३ लाख, रोजगार हमीची कामे २६ लाख, राज्याकडून मिळणारे वाटे ६ लाख, प्रधानमंत्री आवास योजनेची आठ घरे ९ लाख ६० हजार आणि पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न ३ लाख ४० हजार, अशी बेरीज बासष्टवर जाते. आराखडा म्हणजे येऊ शकणाऱ्या पैशाचा आणि करावयाच्या कामांचा अंदाज असतो. तो ग्रामसभेत मंजूर होऊन ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढतो तेव्हा यातला बहुतेक पैसा अजून कुठूनही निघालेला नसतो. म्हणून पोर्टलवर मंजूर कृती आराखडा पाहणे आणि प्रत्यक्ष जमा-खर्च पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत. संदेश लिहिणाऱ्याने पहिले केले आणि दुसरे केलेच नाही.

सर्वात मोठा आकडा रोजगार हमीचा, आणि फसवाही तोच. २६ लाखांत मजुरी ६० टक्के, म्हणजे १५ लाख ६० हजार, आणि साहित्य ४० टक्के, म्हणजे १० लाख ४० हजार धरलेले असतात. मध्य प्रदेशात त्या वर्षी अकुशल मजुरीचा दर दिवसाला २४३ रुपये होता, तेव्हा हा मजुरीचा आकडा खरा ठरायला गावाने सुमारे ६,४२० मनुष्यदिवस काम मागायला हवे होते. पीथमपूरच्या कारखान्यांत किंवा इंदूरच्या बांधकामांवर याहून बरी रोजी मिळत असताना इकडच्या गावांत तेवढी मागणी सहसा येत नाही. समजा दोन हजार दिवसांचीच मागणी आली. मग मजुरी झाली ४ लाख ८६ हजार. साहित्याचा वाटा एकूण खर्चाच्या चाळीस टक्क्यांपर्यंतच धरला तर साहित्य फार तर ३ लाख २४ हजार. आणि २६ लाखांचे झाले ८ लाख १० हजार. उरलेले जवळजवळ १८ लाख कोणी खाल्ले नाहीत, कारण ते आलेच नाहीत. शिवाय जे आठ लाख खर्ची पडले त्यातली मजुरी मजुरांच्या बँक खात्यात थेट गेली, पंचायतीच्या खात्याला तिचा स्पर्शही झाला नाही.

आवास योजनेच्या रकमेचेही असेच आहे. सपाट प्रदेशात दर घराला १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने लाभार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात पडतात. गावात घरे झाली म्हणून ती आराखड्यात दाखवणे योग्य आहे, पण त्या रकमेतून रस्ता का झाला नाही असे विचारणे म्हणजे शेजाऱ्याच्या घराच्या पैशातून आपल्या अंगणात फरशी बसवा असे म्हणण्यासारखे आहे.

आता उरलेल्या पैशाकडे वळू, कारण पंचायतीचा खरा हिशेब इथे सुरू होतो. वित्त आयोगाचे १४ लाख दोन हप्त्यांत येतात आणि दुसरा हप्ता मार्चनंतर उगवणे ही नवलाई राहिलेली नाही. ३१ मार्चपर्यंत एकच हप्ता, म्हणजे ७ लाख आले असे धरू. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी या अनुदानाचे ६० टक्के बांधील ठरवले होते: निम्मे पिण्याचे पाणी आणि जलसंधारण यांसाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. ७ लाखांतले ४ लाख २० हजार असे बांधलेले, आणि मोकळे २ लाख ८० हजार. मागची ३ लाखांची शिल्लकही बहुधा बांधील भागाचीच असते, कारण मोकळा पैसा शिल्लक राहू देणारा सरपंच माझ्या पाहण्यात नाही. राज्याच्या वाट्यांत मुद्रांक शुल्काचा आणि गौण खनिजाचा हिस्सा येतो. तो जमिनींच्या व्यवहारांवर आणि खाणींवर अवलंबून असल्यामुळे सहा लाखांच्या अंदाजाला साडेतीन लाख हाती लागले असे मानू. मोकळे २ लाख ८० हजार आणि राज्याचे ३ लाख ५० हजार मिळून ६ लाख ३० हजार होतात, आणि गावात पाच लाखांचा रस्ता दिसतो. ७ लाख २० हजारांच्या बांधील रकमेतून रस्ता झालेला नाही. तो झाला असता तरच आक्षेप घ्यावा लागला असता. त्या रकमेबद्दल विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पाइपलाइन, गटार, शोषखड्डे, कचरा यांपैकी कशावर ती गेली, की पुन्हा शिल्लक पडली? शिल्लक पडली असेल तर ती पुढच्या आराखड्यात परत जमेला येते, त्यामुळे पाच वर्षांच्या आराखड्यांची बेरीज करून «कोट्यवधी आले» म्हणणारे एकच तीन लाख दोनदा, कधी तीनदा मोजत असतात.

सरपंचाच्या खात्याची गोष्ट थोडक्यात आटोपते. वित्त आयोगाचा पैसा पंचायतीच्या खात्यात येतो आणि सचिव व सरपंच या दोघांच्या डिजिटल सह्यांनी पुरवठादाराच्या खात्यात जातो. रोख काढायची सोय नाही. मात्र पद्धत चांगली म्हणून ती पाळली जाते असे नव्हे. एका पंचायतीत दोघांच्याही सह्यांचे डोंगल एकाच टेबलाच्या एकाच खणात, रबर लावून एकत्र ठेवलेले मी पाहिले आहेत, आणि पासवर्डची चिठ्ठी त्याच रबराखाली होती. दोन सह्यांचा अर्थ तिथे संपतो.

कराच्या मुद्द्यावर मात्र हा संदेश नुसता चुकीचा नाही, घातक आहे. स्वतःच्या उत्पन्नाचे ३ लाख ४० हजार हे मागणीचे आहेत: चालू २ लाख १० हजार आणि थकबाकी १ लाख ३० हजार. अंदाजपत्रकात वसुली न लिहिता मागणी लिहून टाकायची ही जुनी खोड आहे, आणि त्यावर कामे आखली की ती कामे कागदावरच राहतात. प्रत्यक्षात वसूल होतात १ लाख २० हजार. त्यातून पंप चालवणाऱ्याचे महिन्याचे ४ हजार म्हणजे वर्षाचे ४८ हजार, सफाई करणाऱ्याचे ३ हजारांप्रमाणे ३६ हजार आणि कार्यालयाचा किरकोळ खर्च १५ हजार वजा केला की २१ हजार उरतात. दिव्यांचे बल्ब, मोटारीचे वायंडिंग, जे काय ते यातूनच करायचे. वित्त आयोगाच्या अनुदानातून वेतन आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही, म्हणून वरून कितीही लाख आले तरी पंप चालवणाऱ्याचा पगार संपत्तीकर, प्रकाशकर आणि जलकर यांतूनच निघायचा. एक गोष्ट आपल्या समूहाला टोचेल, पण लिहितो: थकबाकीची यादी वाचायला घेतली की कुलूप लावलेली घरे पुष्कळ निघतात, आणि त्यांचे मालक इंदुरात राहतात.

मग पंचायतीत गैरव्यवहार होत नाही का? होतो, पण ५७ लाखांच्या वजाबाकीत तो सापडत नाही, पाच लाखांच्या रस्त्यात सापडू शकतो. शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर जाड सिमेंट काँक्रीट म्हणजे ४५ घनमीटर माल. जाडी दहा सेंटिमीटरच ठेवली तर लागतो ३० घनमीटर. घनमीटरला साडेसहा हजार रुपये धरले तर फरक साडेसत्त्याण्णव हजारांचा होतो, आणि रस्ता पहिल्या पावसापर्यंत दोन्ही प्रकारांत सारखाच दिसतो. कडेला पट्टी लावून मोजणाऱ्याला हे कळत नाही, कारण कडेला काँक्रीट अडवणारा फर्मा पूर्ण उंचीचा असतो आणि मधली जमीन पुरेशी खोदलेली नसते. एका गावात नळाच्या जोडणीसाठी कोणीतरी नवा रस्ता आडवा कापला होता. तिथे टेप लावला तेव्हा कडेचे सहा इंच मध्यावर चार भरले. एस्टिमेटमध्ये सहाच लिहिले होते आणि उपयंत्र्याच्या माप पुस्तिकेतही सहाच.

तपासायचे दुसरे ठिकाण म्हणजे एकाच कामाची दोन नावे. «मुख्य रस्ता ते मंदिर» वित्त आयोगाच्या शीर्षाखाली आणि «मंदिर ते मुख्य चौक» राज्याच्या शीर्षाखाली, असे दोन रस्ते कागदावर असले तर दोन्ही कामांची स्थळाच्या नोंदीसह काढलेली छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. तोच खांब, तीच भिंत, तोच ओटा दिसला तर पुढे फार बोलायची गरज उरत नाही. त्यासाठी ग्रामसभेत आराखड्याची बेरीज वाचून दाखवून उपयोग नाही. त्या एका कामाचे एस्टिमेट, देयक आणि माप पुस्तिकेचे पान मागावे, आणि टेप खिशात घेऊन जावा.