रविवारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर: मोठ्या बुकिंगचे २ तास, ॲडव्हान्स आणि आदल्या दिवशीचा मेनू

★ "आजोबांच्या पंच्याहत्तरीला २२ जणांचं बुकिंग केलं होतं. आधी डिपॉझिट भरून घेतलं, सहा जण आले नाहीत म्हणून १२०० रुपये कापले आणि बसून दोन तास व्हायच्या आत जेवत्या माणसांना उठवलं. मेनूसुद्धा म्हणे आदल्या दिवशी सांगा. पैसे घेऊन हाकलणारं हॉटेल आहे. जाऊ नका."

नमस्कार ताई,

आजोबांच्या वाढदिवसाला तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मी आणि माझी बायको दोघंही मनापासून माफी मागतो. सोमवारी दोनदा फोन केला, लागला नाही, म्हणून इथेच लिहितो.

'हाकललं' हा शब्द मात्र फार लागला. गंगापूर रोडवर अकरा वर्षं हॉटेल चालवतोय, पानावरून माणूस उठवायचं आमच्या घरात कुणी शिकवलेलं नाही. म्हणून रविवारी काय, किती वाजता झालं ते सांगतो.

बुकिंग दुपारी १२ चं होतं. १२:१० ला तुमच्यातले पाच जण आले. आजोबा आल्याशिवाय ताटं लावू नका असं तुम्ही सांगितलंत, आणि ते बरोबरच होतं. ज्यांचा वाढदिवस त्यांच्याआधी कोण जेवणार? आजोबा १२:५० ला पोचले, पहिलं ताट १२:५५ ला लागलं. सव्वादोनला अठरा जणांचं दुसरं बुकिंग होतं, ती मंडळी दोनपासूनच लहान मुलांना घेऊन दारात उभी होती. आमच्या वेटर मुलाने १:५० ला तुम्हाला येऊन सांगितलं, तुम्ही २:२५ ला उठलात. आम्ही १२ पासून मोजलं तर ते दोन तास पंचवीस मिनिटं होतात. तुम्ही ताट लागल्यापासून मोजलं तर दीडच तास.

ताई, इथे चूक माझी आहे. तुम्हाला पाठवलेल्या मेसेजमध्ये मी लिहिलं होतं, 'टेबल २ तासांसाठी राखीव राहील.' कधीपासून दोन तास, ते लिहिलंच नव्हतं. मला वाटायचं यात सांगण्यासारखं काय आहे, बुकिंगच्या वेळेपासूनच. पण वाचणाऱ्याला बसल्यापासून वाटणार, हे तुमचा रिव्ह्यू वाचेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. आता तास लिहिणं बंद केलं, थेट घड्याळाची वेळ लिहितो.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवसापासून खाते आहे. आजोबा रश्श्यात भाकरी कुस्करून सावकाश जेवत होते आणि मुलाने त्यांच्या ताटाशेजारचा रिकामा पेला उचलला. पेलाच होता, पण त्यांनी वर पाहिलं आणि हात थांबवला. मी काउंटरवरून पाहत होतो, मला तेव्हाच पुढे यायला हवं होतं. मुलांशी बोललो आहे.

आता १२०० रुपयांचं. त्याबद्दल मात्र मला माझी बाजू पूर्ण सांगू द्या. आमच्याकडे चार-चार खुर्च्यांची १३ टेबलं आहेत. तुमच्यासाठी त्यातली सहा जोडली, म्हणजे रविवारच्या भर दुपारी जवळजवळ अर्धं हॉटेल. शनिवारी रात्री दोन कुटुंबांना मी फोनवर जागा नाही म्हणून सांगितलं. सहा जण येणार नाहीत हे आम्हाला रविवारी १२:५० ला कळलं. तुमच्याकडून माणशी २०० प्रमाणे ४४०० रुपये घेतले होते. त्यातले न आलेल्या सहा जणांचे १२०० ठेवले आणि ३२०० बिलातून वजा केले. सोळा थाळ्यांचे ५१२०, त्यावर ५ टक्के जीएसटी २५६, एकूण ५३७६. त्यातून ३२०० गेले, तुम्ही दिलेत २१७६. बिलावर हे सगळं आहे. सर्व्हिस चार्ज आम्ही लावतच नाही.

तरी शब्द चुकला हे मान्य करतो. मी 'डिपॉझिट' लिहिलं होतं. घरभाड्याचं डिपॉझिट असो की गॅस सिलिंडरचं, ते परत मिळतं अशीच आपली समजूत असते. हे पैसे बिलात वळते होणारे, म्हणून त्यांना ॲडव्हान्स म्हणायला हवं होतं, आणि कधी परत, कधी नाही, हे त्याच ओळीत यायला हवं होतं. वकील मित्राला मेसेज दाखवला. तो म्हणाला, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अवाजवी अनामत मागणं आणि नुकसानीच्या मानाने फारच जास्त दंड लावणं, दोन्ही अन्यायकारक करारात धरलं जातं. म्हणून पूर्ण ॲडव्हान्स जप्त ही अट आम्ही कधी ठेवली नाही आणि ठेवणारही नाही. ३२० रुपयांच्या थाळीमागे २०० घेतो, आणि जेवढी माणसं कमी तेवढ्यांचेच ठेवतो.

मेनू आदल्या दिवशी का, तेही सांगतो, कारण लोकांना तो आमचा हट्ट वाटतो. तुम्ही शुक्रवारी २२ चपातीच्या थाळ्या सांगितल्या होत्या. शनिवारी रात्री १० ला मेसेज आला, सगळ्यांना बाजरीची भाकरी आणि पाटवडी रस्सा करा. आम्ही हो म्हटलं, तक्रार केली नाही. पण बाजरीचं पीठ चपातीच्या कणकेसारखं आधी मळून ठेवता येत नाही. त्याला चिकटपणा नाही, गार पडलं की थापताना कडा चिरतात. एका वेळी दोन-तीन भाकरीपुरतंच गरम पाण्यात मळायचं, थापायचं, भाजायचं. एका तव्यावर तीन मिनिटांना एक, दोन तव्यांवर दोन मावश्या मिळून तासाला चाळीस. २२ जणांना माणशी दोन धरल्या तरी ४४, म्हणजे तासाहून जास्त वेळ दोन्ही तवे फक्त तुमच्यासाठी. पाटवडीचं बेसन घोटून, थापून, वड्या पाडून ठेवावं लागतं, आणि ते २२ जणांचंच केलं होतं. शुक्रवारीच कळलं असतं तर मी तिसऱ्या मावशींना बोलावलं असतं आणि दुसरी भाकरी यायला तुम्हाला जो वेळ लागला तो लागला नसता.

आता बुकिंगला हा मेसेज जातो:

'१५ किंवा जास्त माणसांसाठी. टेबल दुपारी १२ ते २:१५ तुमचं. उशीर झाला तरी २:१५ ला मोकळं करावं लागेल. ॲडव्हान्स माणशी २०० रुपये, बिलातून पूर्ण वजा. आदल्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत माणसं कमी केल्यास त्यांचे पैसे परत, त्यानंतर नाही. मेनूही त्याच वेळेपर्यंत पक्का करावा. केक आणि फोटो याच वेळेत.'

तुमच्या बुकिंगला हा मेसेज गेला असता, तर आजोबा १२:५० ला येणार हे तुम्ही आधीच सांगितलं असतं आणि मी तुम्हाला सव्वादोनची वेळ दिली असती. तिच्यानंतर दुसरं बुकिंग नसतं. दुसऱ्या बुकिंगच्या लोकांसाठी बाहेर बाकडी टाकायचंही बघतो आहे.

१२०० रुपये मी परत करत नाही, कारण तो हिशेब मला चुकीचा वाटत नाही. पण आजोबांचं जेवण घाईत झालं, ते मला मान्य आहे. कुठल्याही मंगळवारी किंवा बुधवारी त्यांना घेऊन या. त्या दिवशी गर्दी नसते, टेबलाला वेळ लावत नाही, आणि त्यांचं ताट आमच्याकडून. भाकरी मात्र आदल्या दिवशी सांगा.