रोजचं तेच रडगाणं
आमच्या टीममध्ये एकजण आहे, सकाळी लॉगिन व्हायच्या आधीच त्याची तक्रार सुरू होते, क्लायंट मूर्ख, मॅनेजरला काही कळत नाही, आणि कुणी नवीन आयडिया मांडली की लगेच "काही होणार नाही याचं". परवा मीटिंगमध्ये एका ज्युनियरने रिपोर्टचा फॉरमॅट बदलूया म्हटलं, याने दोन मिनिटांत तिला गप्प केलं, नंतर ती अख्ख्या मीटिंगमध्ये बोललीच नाही. खूप राग आला मला!

आणि चूक माझीपण होती, मी रोज "हो ना रे" करत मान डोलवायचे, त्यामुळे त्याला हक्काचा श्रोता मिळाला आणि घरी जाईपर्यंत माझं डोकं जड. आता तो सुरू झाला की एकच विचारते, "मग तू काय करणारेस याचं?" खरी अडचण असेल तर तो नीट सांगतो, मग मी मदत करते, कारण कधीकधी त्याचं बरोबरही असतं. नुसतंच रडायचं असेल तर विषय तिथेच संपतो आणि मी "कॉल आहे" न म्हणता सरळ "मला हे संपवायचंय" म्हणून स्क्रीनकडे वळते. मॅनेजरलाही सांगितलं, पण "तो निगेटिव्ह आहे" असं नाही, त्या मीटिंगमध्ये नेमकं काय झालं तेवढंच.