गणपतीच्या घरी जाताना पेढ्यांऐवजी फुलवाती न्याव्यात

चिपळूणला माझ्या आत्याकडे दहा दिवसांचा गणपती असतो. काही वर्षांपूर्वी मी आठव्या दिवशी तिच्याकडे गेले, तेव्हा फ्रिजमधला एक पूर्ण कप्पा पेढ्यांच्या आणि माव्याच्या मोदकांच्या खोक्यांनी भरलेला होता. खव्याची मिठाई भाद्रपदाच्या दमट हवेत बाहेर एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही, त्यामुळे आधी आलेली खोकी कोणाला देऊन संपवावीत हीच घरातल्यांना काळजी होती. आत्या मात्र स्वयंपाकघरात कापूस घेऊन फुलवाती वळत बसली होती, कारण सकाळच्या आरतीनंतर घरातल्या वाती संपल्या होत्या आणि संध्याकाळी पाहुणे येणार होते. माझ्या हातात त्या दिवशीही अर्धा किलो पेढेच होते.

तिच्याकडे पंचारतीला पाच आणि दोन निरांजनांना दोन अशा सात वाती एका आरतीला लागतात. दोन वेळच्या चौदा, म्हणजे दहा दिवसांच्या 140. शंभर वातींचे एक पाकीट आठव्या दिवशी सकाळी संपणारच होते. ही वस्तू कितीही आली तरी जड होत नाही, राहिली तर नवरात्रापर्यंत आणि दिवाळीपर्यंत चालते, आणि म्हणूनच पाहुण्याने नेण्याजोगी तिच्याइतकी चांगली वस्तू मला दुसरी दिसत नाही.

आता मी शंभर फुलवाती घरी करून, तुपात थिजवून नेते. सरकी काढलेला कापूस पिंजून त्याचा लहान गोल पेळू घ्यावा, मध्यभागी चिमटीत धरून वर ओढावा आणि दुधाचे बोट लावून टोक वळावे. या दुधाचा ओलावा पूर्ण जाणे फार महत्त्वाचे आहे. पावसाळी हवेत वात वरून कोरडी वाटते, पण आत ओल राहिली असेल तर पेटवल्यावर ती तडतडते आणि मध्येच विझते. मी वाती कोमट तव्यावर कागद पसरून त्यावर तासभर ठेवते. टोक फार घट्ट पिळले तर तूप वर चढत नाही, आणि साच्यात तूप ओतताना टोक बुडाले तर वात पेट घेत नाही, म्हणून टोक तुपाच्या वर स्पष्ट दिसले पाहिजे. माझ्या साच्यात शंभर वातींना पाव किलोला थोडे कमी तूप लागते. या दिवसांत तूप प्रवासात मऊ पडते, त्यामुळे वाती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, एकाच थरात उभ्या लावून न्याव्यात.

चतुर्थीच्याच संध्याकाळी जाणार असाल, तर मात्र वातींपेक्षा भाजी अधिक उपयोगी पडते. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी असते आणि बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही हा त्या दिवसाचा नेम आहे. बाजारातली भाजी नांगरलेल्या शेतातली आहे की नाही हे विकत घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो, म्हणून ज्यांच्या परसात अळू, लाल भोपळा, पडवळ, भेंडी किंवा सुरण आहे, त्यांनी त्यातले थोडे थोडे नेले तर घरच्या बाईला त्याचे किती अप्रूप वाटते हे मी पाहिले आहे. मोदकांच्या धावपळीत तिला दुसऱ्या दिवशीच्या भाजीची जमवाजमव करायला उसंत मिळालेली नसते. अळू असेल तर देठांसह न्यावे आणि भाजी संध्याकाळीच पोहोचवावी, कारण चिरायला रात्रीच सुरुवात होते.

फुले न्यायची असतील तर जास्वंदीच्या उमललेल्या फुलांऐवजी, दुसऱ्या दिवशी फुलणाऱ्या टपोऱ्या कळ्या न्याव्यात. उमललेले फूल संध्याकाळपर्यंत मिटते, आणि कळी ओल्या फडक्यात ठेवली की सकाळच्या पूजेच्या वेळी देवासमोर फुलते. दूर्वाही निवडून, जुड्या बांधूनच द्याव्यात. मातीसह आणलेला गवताचा भारा म्हणजे यजमानीणबाईंच्या कामात भरच.

वाती नेण्यापूर्वी एक फोन अवश्य करावा आणि निरांजनाची वाटी किती मोठी आहे ते विचारावे. पहिल्या वर्षी मी मोठ्या साच्यात केलेल्या वाती आत्याच्या पंचारतीत बसेनात, तिला प्रत्येक वातीचे तूप कडेने सुरीने तासावे लागले. आता तिच्या पंचारतीच्या वाटीत सहज बसेल एवढा, रुपयाच्या नाण्याच्या आकाराचा साचा मी तिच्यासाठी वेगळा ठेवला आहे.