टेबलातल्या ओळी आणि नाशिकचं उकळतं पाणी

"केमिस्ट्रीत टेबल बघून घाबरू नका. कुठलीही एक ओळ उचला, फॉर्म्युल्यात टाका, मोलर मास बाहेर. पाणी असेल तर १०० डिग्री धरून वजाबाकी करा. प्रत्येक ओळीचं उत्तर वेगळं आलं तर ॲव्हरेज काढा. बॉयलिंग पॉइंट घ्या नाहीतर ऑस्मॉटिक प्रेशर, उत्तर तेच येतं. बारावीच्या सगळ्या ग्रुपवर पाठवा."

द्रावणाच्या टेबलावरून विरघळलेल्या पदार्थाचा मोलर मास काढायला शिकवणारा हा मेसेज पाठवणाऱ्यांनी पाठवला, आणि कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बॅचमध्ये तो पोचलाय. सुरुवात त्या १०० डिग्रीपासून करतो, कारण ती चूक नाशिकमध्ये बसून करणं जास्तच गमतीचं आहे.

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब ९४ ते ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो आणि शुद्ध पाणी ९८ अंशांच्या जरासं वर उकळतं. पाण्यात काही विरघळलं की उत्कलनांक वाढतो, आणि किती वाढला त्यावरून मोलर मास निघतो. आता समजा लॅबमध्ये दर खेपेला १०० ग्रॅम पाण्यात एक अनोळखी पदार्थ विरघळवला आणि उत्कलनांक मोजला. पदार्थ ग्लुकोज आहे हे मला माहीत आहे, सोडवणाऱ्याला नाही. आकडे उदाहरणासाठी मी बसवलेत.

| पदार्थ (ग्रॅम) | उत्कलनांक (°से.) |
|---|---|
| ० | ९८.१० |
| ६ | ९८.२७ |
| १२ | ९८.४५ |
| १८ | ९८.६२ |

१०० मधून वजा केलं की फरक उणा येतो. इथेच थांबायला हवं, पण मुलं चिन्ह खोडतात आणि पुढे जातात. ६ ग्रॅमच्या ओळीत फरक १.७३ धरला आणि पाण्याचा Kb, म्हणजे किलोभर पाण्यात एक मोल विरघळल्यावर होणारी वाढ, ०.५२ घेतला, तर मोलर मास येतो १८. म्हणजे पाण्यात पाणीच विरघळवलं होतं! पुढच्या दोन ओळी ४० आणि ६८ सांगतात. एकाच बाटलीतल्या पदार्थाचे तीन मोलर मास.

वजाबाकी करायची ती त्याच जागी, त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरवर मोजलेल्या शुद्ध द्रावकाच्या आकड्यातून. टेबलातली शून्य ग्रॅमची ओळ त्यासाठीच असते. तशी केली की फरक ०.१७, ०.३५ आणि ०.५२ येतात, आणि मोलर मास १८४, १७८ आणि १८०. बेकमन थर्मामीटर नावाचं जुनं उपकरण तर खरा उत्कलनांक दाखवतच नाही, फक्त फरक दाखवतं. या प्रयोगाला तेवढंच लागतं.

समजा शून्याची ओळ छापायची राहिली. तरी अडत नाही. ΔTb = Kb × m, जिथे m म्हणजे किलोभर द्रावकातले मोल, हे सूत्र सरळ रेषेचं आहे, त्यामुळे ६ ग्रॅमपासून १८ ग्रॅमपर्यंत तापमान किती चढलं ते बघा: १२ ग्रॅमला ०.३५ अंश. तेवढ्या चढावरून मोलर मास १७८ निघतो, आणि शुद्ध पाणी कुठे उकळत होतं याची गरजच पडत नाही. एकाच ओळीतून हे काढता आलं असतं का? (काटेकोर बोलायचं तर ९८ अंशांवर Kb स्वतःही जवळपास एक टक्क्याने कमी होतो. बारावीच्या गणितात तो सोडून द्या.)

आता ओळ निवडण्याचा प्रश्न. हे थर्मामीटर शंभरावा अंश वाचतं असं धरू. वाचनात ०.०१ ची चूक झाली तर ६ ग्रॅमच्या ओळीचं उत्तर १७३ ते १९५ मध्ये कुठेही जाऊ शकतं. तीच चूक १८ ग्रॅमच्या ओळीत झाली तर उत्तर १७७ ते १८४ मध्येच राहतं. म्हणजे या टेबलात शेवटची ओळ पहिलीपेक्षा बरीच भरवशाची आहे. निवडायचीच असेल तर ती निवडा. पण हा नियम पाठ करून ठेवू नका, पुढच्या टेबलात तो उलटा होतो.

त्याआधी ॲव्हरेज. ते सरसकट वाईट नाही, आणि त्यासाठी एक खरं टेबल आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फेफर यांनी १८७७ मध्ये साखरेच्या द्रावणांचा ऑस्मॉटिक प्रेशर, म्हणजे फक्त द्रावकाला जाऊ देणाऱ्या पडद्यातून द्रावक द्रावणात शिरताना तयार होणारा दाब, मोजला. १, २, २.७४, ४ आणि ६ टक्के द्रावणांना त्यांना ५३५, १०१६, १५१८, २०८२ आणि ३०७५ मिलिमीटर पारा असा दाब मिळाला. याच आकड्यांवरून व्हॅन्ट हॉफ यांनी द्रावणाचा हा दाब π वायूच्या नियमासारखा, म्हणजे πV = nRT असा, चालतो हे दाखवलं. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ मध्ये त्यांनाच मिळालं.

या टेबलाला तिसरा रकाना जोडा: दाब भागिले टक्के. ५३५, ५०८, ५५४, ५२१, ५१३. खाली, वर, परत खाली. दिशा अशी काहीच नाही, नुसती इकडेतिकडे पडलेली वाचनं. तापमान १४ अंशांच्या आसपास होतं आणि १ टक्का म्हणजे लिटरला साधारण १० ग्रॅम. एकेका ओळीने मोलर मास ३२३ पासून ३५३ पर्यंत फिरतो. पाचांची सरासरी ५२६ घेतली तर येतो ३४०. साखरेचा खरा आकडा ३४२ आहे. चुका दोन्ही बाजूंना पडल्या, म्हणून एकमेकींना खाऊन गेल्या. ॲव्हरेज इथे शोभतं.

आणि इथे शोभत नाही. पॉलिस्टायरीन टोल्यूइनमध्ये विरघळवलंय, तापमान ३०० केल्व्हिन. हे आकडेही उदाहरणापुरते आहेत, पण अशा द्रावणांत खरोखर दिसतात तसेच.

| c (ग्रॅम/लिटर) | π (पास्कल) | π/c |
|---|---|---|
| २ | ८४ | ४२ |
| ४ | १७६ | ४४ |
| ६ | २७६ | ४६ |
| १० | ५०० | ५० |

प्रश्नपत्रिकेत बहुधा पहिले दोनच रकाने असतात, तिसरा आपण काढायचा. तो काढल्याशिवाय सूत्राला हात लावू नये असं माझं मत आहे, आणि ते मी वर्गात हट्टाने पाळायला लावतो. आकडे ४२ पासून ५० पर्यंत एकाच दिशेने चढतायत. ही हाताची चूक नव्हे. πV = nRT हे सूत्र द्राव्याचे कण एकमेकांना ओळखत नाहीत असं धरून चालतं. ग्लुकोजच्या पातळ द्रावणात ते खपतं. पॉलिमरची लांबलचक साखळी मात्र भोवतालची बरीच जागा अडवते, दुसरीला तिथे शिरू देत नाही, आणि द्रावण घट्ट होईल तसा दाब सूत्रापेक्षा जास्त भरतो. दाब जास्त म्हणजे काढलेला मोलर मास कमी.

ओळीओळीने काढा: ५९,४००, ५६,७००, ५४,२००, ४९,९००. ॲव्हरेज ५५,०००. पण चारही आकडे खऱ्याच्या एकाच बाजूला आहेत, मग त्यांची सरासरी खऱ्यापर्यंत पोचणार कशी? पाच हजार ओळी घेतल्या तरी ती खालीच राहील.

योग्य रस्ता असा. π/c उभ्या अक्षावर, c आडव्यावर. बिंदू सरळ रेषेत येतात, ती रेषा मागे c = ० पर्यंत न्या. दर २ ग्रॅमला २ ने चढ आहे, म्हणजे शून्यावर ४०. तिथे साखळ्या एकमेकींपासून इतक्या दूर असतात की साधं सूत्र लागू पडतं, म्हणून ४० = RT/M. RT आहे २४९४ आणि M येतो सुमारे ६२,४००. शेवटच्या ओळीने तो वीस टक्क्यांनी कमी सांगितला होता. इथे सर्वांत जवळची ओळ पहिली होती, उत्कलनांकाच्या टेबलाच्या नेमकी उलट. तरी तिच्यावरही विसंबू नये, कारण ८४ पास्कल म्हणजे टोल्यूइनचा जेमतेम एक सेंटीमीटर स्तंभ. एक मिलिमीटर वाचायला चुकलात की दहा टक्के गेले.

राहिलं "बॉयलिंग पॉइंट घ्या नाहीतर ऑस्मॉटिक प्रेशर". कागदावर दोन्ही सूत्रं चालतात, लॅबच्या टेबलावर नाही. याच पॉलिमरचे लिटरला १० ग्रॅम बेंझीनमध्ये विरघळवले, तर बेंझीनचा Kb २.५३ असूनही उत्कलनांक एका अंशाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्यानेही वाढत नाही. शंभरावा अंश वाचणाऱ्या थर्मामीटरला द्रावण आणि द्रावक एकच दिसतील. उलट बाजूने, आपलं १८ ग्रॅमवालं ग्लुकोजचं द्रावण घ्या. त्याचा ऑस्मॉटिक प्रेशर वीस बारच्या वर जातो, म्हणजे पाण्याचा स्तंभ दोनशे मीटरहून उंच. शिवाय ग्लुकोजचा रेणू इतका लहान की साध्या पडद्यातून सरळ निसटतो. म्हणून लहान रेणूला उत्कलनांक आणि मोठ्याला ऑस्मॉटिक प्रेशर, ही वाटणी प्रयोग करणाऱ्याच्या गरजेतून आलीय.

पडदा गळतोय हे टेबलात दिसतं का? दिसतं, वाचनासोबत वेळ लिहिली असेल तर. स्तंभ चढून थांबण्याऐवजी हळूहळू उतरायला लागला, तर लहान साखळ्या पलीकडे जातायत. दाब कमी भरतो आणि मोलर मास खऱ्यापेक्षा मोठा येतो. उत्कलनांकाच्या प्रयोगात अशीच एक चूक थर्मामीटरच्या जागेची. फुगा द्रावणात न बुडवता वर वाफेत ठेवला, तर त्याच्यावर वाफेचं शुद्ध पाणी होत राहतं आणि तो शुद्ध पाण्याचाच आकडा दाखवतो. मग सगळ्या ओळींत फरक जवळपास शून्य. असं टेबल समोर आलं तर गणित सोडवत बसू नका.

एककांबद्दल एकच गोष्ट, कारण याच गणितात ती सर्वांत जास्त मार्क खाते. दाब पास्कलमध्ये, R ८.३१४ आणि c ग्रॅम प्रति लिटर, म्हणजेच किलोग्रॅम प्रति घनमीटर, असं घेतलं की २४९४ भागिले ४० चं उत्तर ६२.४ येतं आणि ते किलोग्रॅम प्रति मोल असतं. दरवर्षी कुणी ना कुणी ६२.४ ग्रॅम लिहून उत्तराला चौकट करतं. स्टायरीनच्या एकट्या रेणूचं वजन १०४ आहे. ६२,४०० ला १०४ ने भागा: साखळीत साधारण सहाशे कड्या, पॉलिमरला साजेशा. ६२.४ ला भागलं तर एक कडीसुद्धा पुरी होत नाही.