पाच वर्षांचा खंड पत्रातून लपवायचा नसतो

«ताईंनो, घरासाठी नोकरी सोडून पाच वर्षं झाली असतील तर अर्जाच्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर लिहू नका. मधल्या वर्षांना फ्रीलान्स म्हणा. घर चालवणं म्हणजे मॅनेजमेंटच, ते कौशल्यांत घाला. आणि शेवटी लिहा, कमी पगारही चालेल. फोन नक्की येतो.» नोकरीत परतू पाहणाऱ्या बायकांना असा सल्ला दिला जातो.

सांगलीत विश्रामबागेत माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. एखाद्या पेढीला किंवा कारखान्याला अकाउंटंट हवा असला की मालक आलेले अर्ज माझ्याकडे धाडतात, ‘मॅडम, जरा नजर टाका’ म्हणून. 2025 च्या उन्हाळ्यापासून त्या अर्जांत या सल्ल्यातलीच वाक्यं दिसायला लागली, आणि सप्टेंबरात माझ्या मावसबहिणीने दाखवायला आणलेल्या पत्रातही तीच होती. म्हणून हे तिच्या पत्रावरूनच सांगते.

बहीण मिरजेच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत सात वर्षं अकाउंट्स बघत होती. जून 2020 मध्ये तिने नोकरी सोडली. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि मुलगा दोन वर्षांचा होता. तिच्या पत्रात जून 2020 नंतर लिहिलं होतं, ‘2020 ते 2025 : फ्रीलान्स अकाउंटिंग’.

हे किती दिवस टिकतं ते आधी बघू. नोकरी लागली की पीएफसाठी फॉर्म 11 भरावा लागतो. त्यात आधीचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, आणि आधीची नोकरी सोडल्याची तारीख विचारलेली असते. यूएएन टाकला की आधीच्या नोकऱ्यांचा इतिहास समोर येतो, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख. म्हणजे पत्रात झाकलेली गोष्ट रुजू होण्याच्या दिवशी तिने स्वतःच्याच सहीने लिहून द्यायची. वीसपेक्षा कमी माणसांच्या पेढीत पीएफ नसेल, पण तिथे मालक थेट जुन्या ठिकाणी फोन लावतो. सांगली, मिरज, कुपवाड एवढ्यातच सगळे एकमेकांना ओळखतात.

‘फ्रीलान्स’ या शब्दाने तर अडचण वाढते. अर्ज वाचणारी मी असेन तर माझा पुढचा प्रश्न ठरलेला आहे : कोणाचं काम केलं, कुठली रिटर्न्स भरली, ते उत्पन्न तुमच्या आयकर विवरणात कुठे दाखवलंय? हिशेबाच्या नोकरीला आलेल्या बाईला याचं उत्तर देता आलं नाही तर तिची आधीची सात वर्षंही शंकेखाली येतात. खंडामुळे अर्ज बाजूला पडलेला मी क्वचित पाहिलाय. खोट्या ओळीमुळे मात्र तो त्याच मिनिटाला पडतो, कारण या कामात पैशांच्या नोंदी त्या माणसाच्या हातात द्यायच्या असतात.

इथे एक काम पत्र लिहायच्या आधी करून घ्यावं. बहिणीच्या यूएएनवर सोडल्याची तारीखच नव्हती, जुन्या ठिकाणी कोणी भरली नव्हती. ती तारीख कर्मचाऱ्याला स्वतः टाकता येते. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झालेले असले की ईपीएफओच्या पोर्टलवर `Manage` मध्ये `Mark Exit` हा पर्याय मिळतो. तिने एका दुपारी ते केलं. नाहीतर नव्या मालकाच्या ऑफिसात पाच वर्षांपूर्वीची नोकरी अजून चालूच असल्यासारखी दिसली असती.

मग खंड लिहायचा किती? दोन वाक्यं पुरतात. पहिल्यात कधीपासून कधीपर्यंत आणि कशासाठी, दुसऱ्यात आता परिस्थिती काय आहे. हे दुसरं वाक्य बहुतेक जणी विसरतात, आणि मालकाला नेमकं तेच हवं असतं. ‘ही पुन्हा चार महिन्यांनी सोडून जाईल का’ हा प्रश्न त्याच्या मनात असतो, तोंडावर तो विचारत नाही. आजाराचं नाव, दवाखान्याच्या फेऱ्या, कोणी कसं वागलं, यातलं काही पत्रात येऊ नये. ती तुमच्या घरची गोष्ट आहे आणि ती तुमच्यापाशीच राहावी.

घर चालवण्याच्या मुद्द्याला मला जपून उत्तर द्यायचंय. पाच वर्षं अंथरुणावरच्या माणसाचं सगळं करणं हे कष्टाचं काम आहे, ते मी बहिणीच्या घरी डोळ्यांनी पाहिलंय. पण बेदाण्याच्या पेढीचा मालक पत्र उघडतो तेव्हा त्याच्यापुढे या महिन्याचं रिटर्न असतं. ‘वेळेचं नियोजन, बजेट, मल्टिटास्किंग’ या ओळीवरून त्याला काहीच कळत नाही. त्याला माहीत आहे की जून 2020 नंतर हिशेबाचं काम बदललंय. ही बाई त्या बदलाच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच त्याला बघायचं असतं.

आणि बदललंय खरंच खूप. बहिणीने नोकरी सोडली तेव्हा ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, नव्हतं. ते ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींवरच्या उलाढालीला लागू झालं आणि मर्यादा खाली येत येत ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर आली, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम पेढ्याही त्यात आल्या. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅलीप्राइम नोव्हेंबर 2020 मध्ये आलं, तिचा हात बसला होता टॅली ईआरपी 9 वर. पूर्वी पुरवठादाराने बिल पोर्टलवर चढवलं नसलं तरी थोडं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, घेता यायचं. जानेवारी 2022 पासून जीएसटीआर-2बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांच्या यादीत, दिसेल तेवढंच. ऑक्टोबर 2024 पासून पोर्टलवर आयएमएस आलं, तिथे खरेदीचं बिल स्वीकारायचं, नाकारायचं की प्रलंबित ठेवायचं ते आपण ठरवतो. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीच्या दरांचे टप्पे बदलून बहुतेक वस्तू 5 आणि 18 टक्क्यांवर आल्या.

पत्रात ही यादी उतरवायची नसते. यातलं मी काय हाताने केलंय, ते लिहायचं असतं. बहिणीकडे ते होतं, फक्त तिला ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं. जूनपासून तीन महिने ती दिराच्या माधवनगरच्या हार्डवेअर दुकानाची खरेदीची बिलं 2बीशी जुळवून देत होती. पैसे घेतले नव्हते, म्हणून तिच्या मते ते काम नव्हतं. मी म्हटलं, अगं, तुझ्या पत्रातली सगळ्यात वजनदार ओळ हीच आहे, ती तू खाली ‘इतर’मध्ये टाकलीस.

ज्यांच्याकडे असं काही नाही त्यांनी आधी महिनाभर ते मिळवावं आणि मग पत्र लिहावं. टॅलीप्राइम शैक्षणिक मोडमध्ये फुकट चालतं. महिन्यातल्या मोजक्याच तारखांच्या नोंदी त्यात घेता येतात, पण हात बसायला तेवढं पुरतं. ओळखीतल्या एखाद्या दुकानाचं एका महिन्याचं खरेदी रजिस्टर आणि 2बी मागून घ्या, स्वतः जुळवा आणि फरक कशाने आला ते कागदावर लिहून काढा.

पगाराचं वाक्य काढूनच टाकावं. पत्रात कोणी विचारलेलं नसताना आपण आपली किंमत खाली आणतो, आणि मालक पुढची बोलणी त्या आकड्याच्याही खालून सुरू करतो. समोरासमोर विचारलं तर एक आकडा सांगायचा आणि थांबायचं.

शेवटी बहिणीचं पत्र असं झालं. कुपवाडच्या एका बेदाणा कोल्ड स्टोरेजसाठी होतं, तिथला कारभार मराठीत चालतो म्हणून मराठीत. एमआयडीसीतल्या कंपनीला इंग्रजीत द्यावं लागेल, पण क्रम हाच.

«महोदय,
आपल्याकडील अकाउंटंटच्या जागेसाठी अर्ज करत आहे. जून 2013 ते जून 2020 मी मिरज एमआयडीसीतील एका फाउंड्रीत खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँक मेळ, ई-वे बिल आणि जीएसटी रिटर्न्सची तयारी हे काम स्वतंत्रपणे केले.
जून 2020 पासून कुटुंबातील आजारपण आणि लहान मूल यांमुळे मी नोकरी केली नाही. आता मुलगा शाळेत जातो, घरी पूर्णवेळ मदतीची सोय आहे आणि मी सकाळी 10 ते संध्याकाळी 6 नियमित येऊ शकते.
जून ते ऑगस्ट 2025 या तीन महिन्यांत मी माधवनगर येथील नात्यातील एका दुकानासाठी, विनामोबदला, टॅलीप्राइमवर नोंदी, 2बीशी खरेदीचा मेळ आणि आयएमएसवरील बिलांची छाननी केली. ई-इन्व्हॉइस मी अद्याप प्रत्यक्ष काढलेले नाही. त्याची पद्धत शिकले आहे.
आपल्याकडे शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि व्यापाऱ्यांची बिले एकत्र येतात. शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही, असा खुलासा डिसेंबर 2024 च्या जीएसटी परिषदेत झाला आहे. त्यामुळे या नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागतात, हे मी अभ्यासले आहे.
आपण एखाद्या महिन्याचे रजिस्टर दिल्यास तिथेच बसून मेळ करून दाखवीन.»

ई-इन्व्हॉइस काढलेलं नाही हे वाक्य ठेवायला ती तयार नव्हती. ‘ताई, नाही येत हे कशाला सांगू?’ मी ते हट्टाने ठेवलं. त्या एका नकारामुळे वरच्या सगळ्या होकारांवर विश्वास बसतो.

मालकांनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बोलावलं आणि खरंच ऑगस्टचं रजिस्टर पुढे ठेवलं. खरेदीची 41 बिलं होती, 2बीत 39 दिसत होती. एका बिलावर पुरवठादाराने दुसऱ्याच कोणाचा जीएसटी क्रमांक घातला होता. ते तिला दहा मिनिटांत सापडलं. दुसऱ्या बिलावर ती अडली. क्रमांक बरोबर, रक्कम बरोबर, तरी बिल नाही. मग तिने पुरवठादाराचं रिटर्न मासिक आहे की तिमाही ते पोर्टलवर बघितलं. तो तिमाहीवाला निघाला, आणि तिमाहीच्या मधल्या महिन्यांची बिलं आधी चढवायची सोय असते, तिथे त्याने ऑगस्टचं हे बिल चढवलं नव्हतं. म्हणजे तिमाहीच्या रिटर्नमध्ये त्याने ते घातलं तर 14 ऑक्टोबरच्या 2बीत येणार, तोवर त्याचं क्रेडिट घ्यायचं नाही.

खंडाबद्दल त्यांनी एकच प्रश्न विचारला, घरी मदतीला आहेत त्या बाई रविवारीही येतात का. मार्चअखेरीला इथे रविवारीही काम चालतं. तिने सांगितलं, रविवारी नवरा घरी असतो. पगाराचा आकडा तिने सांगितला, त्यांनी त्यातून थोडा कमी केला आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले. पंधरा ऑक्टोबरला ती रुजू झाली आणि फॉर्म 11 मध्ये सोडल्याची तारीख तिने न अडखळता लिहिली.